चार चांगल्या उपदाढा काढायच्या का?

मोरपीस
मुलगी 14 वर्षांची. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, वरचा एक सुळा बाहेर आलाय. खाली 7 मिमी जागा कमी आहे यावर दोन्ही ऑर्थोडॉन्टिस्टांचं एकमत. पण एक म्हणतात चार पहिल्या उपदाढा काढू, दुसरे म्हणतात एकही नको. कीड नसलेले दात काढायला जीव धजत नाही. कोणाचं ऐकू?

स्पष्टच
दुसऱ्यांचं. दात काढले की ओठ आत बसतात, चेहरा म्हातारा दिसतो, जिभेला जागा उरत नाही आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. जबडा रुंद करून घ्या, जागा आपोआप होते.

कोपऱ्यातली खुर्ची
माझ्या चारही काढल्या, काही त्रास नाही. अक्कलदाढा तशाही बिनकामाच्या.

स्पष्टच
अहो, अक्कलदाढा नव्हेत, उपदाढा. सुळ्याच्या लगेच मागच्या.

दंतकथा
मी हेच काम करते, म्हणून जरा हिशोब मांडते. पहिली उपदाढ साधारण 7 मिमी रुंद असते. खालच्या दोन काढल्या की 14 मिमी मिळाले. त्यातले 7 दाटी सोडवण्यात गेले. उरलेल्या 7 चं काय होतं, यावर चेहरा ठरतो. दाढा दोन्ही बाजूंना 2-2 मिमी पुढे आल्या तर 4 संपले, राहिले 3, म्हणजे पुढचे दात दीड मिमी आत जाणार. ओठ त्याहून कमीच सरकतात. चेहरा 'आत बसतो' तो दाटी थोडी असताना दात काढून सगळी जागा पुढचे दात ओढण्यात घालवली तर. म्हणजे स्पष्टच यांची भीती खोटी नाही, पण ती सरसकट लागू नाही.

आता न काढता. पुढच्या दातांच्या बाजूच्या कडा घासून, म्हणजे स्ट्रिपिंगने, अडीच मिमी मिळतील. राहिले साडेचार. पुढचे दात 1 मिमी पुढे झुकले की कमानीत सुमारे 2 मिमी जागा होते, तेव्हा ते सव्वादोन मिमी पुढे जाणार. दात आज सरळ किंवा आत झुकलेले असतील, हिरडी जाड असेल, ओठ सहज मिटत असतील तर खुशाल जाऊ द्या. आधीच पुढे आलेले असतील तर मात्र ते हाडाच्या बाहेर ढकलले जातात.

स्पष्टच
पण रुंद करण्याबद्दल तुम्ही बोललाच नाहीत.

दंतकथा
वरच्या जबड्याला टाळूच्या मधोमध सांधा असतो, या वयात तो उघडता येतो. खालचा सांधा बाळपणीच जुळून गेलेला असतो. तिथे 'रुंद करणं' म्हणजे दात बाहेर कलवणं, आणि सुळ्यांमधलं वाढवलेलं अंतर बहुधा परत आकसतं. हिची खरी अडचण खालीच आहे. श्वासाचं म्हणाल तर उपदाढा काढल्याने झोपेत श्वास अडतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा मी पाहिलेला नाही.

बाकी हे भांडण आमच्यातही जुनं. 1911 मध्ये केल्विन केस दात काढण्याच्या बाजूने उभे राहिले, एडवर्ड अँगल यांचा गट विरोधात. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने न काढता सरळ केलेले, पण दात पुढे येऊन बिघडलेले आपलेच पेशंट उपदाढा काढून पुन्हा हाताळले.

पाऊलवाट
मी 26 व्या वर्षी दात न काढता अलाइनर, म्हणजे दात सरकवणारे पारदर्शक साचे, घेतले. दात छान जुळले. दोन वर्षांनी खालच्या मधल्या दाताची हिरडी उतरली, मूळ दिसू लागलं. हिरडी पातळ आहे हे मला तेव्हाच कळलं. आधी कोणी बोललं नव्हतं.

दंतकथा
दात जोरात घासण्याच्या सवयीनेही हिरडी उतरते, त्यामुळे सगळा दोष अलाइनरला देता येत नाही. पण पातळ हिरडी आणि दात पुढे ढकलणं, ही जोडी मी टाळते.

मोरपीस
बाजूने काढलेल्या एक्स-रेवर पहिल्यांनी 'खालचे दात थोडे पुढे' असं लिहिलंय. ओठ मिटताना हनुवटीवर खळगे पडतात. ओठ मात्र जाड नाहीत.

दंतकथा
हनुवटीवरचे खळगे म्हणजे ओठ जोर लावून मिटतात. माझा कौल काढण्याकडे झुकला. तरी खाली पहिलीऐवजी दुसरी उपदाढ काढता येईल का, हे विचारा. तेव्हा दाढा जास्त पुढे येतात आणि पुढचे दात कमी आत जातात. न काढणाऱ्या डॉक्टरांना विचारा, शेवटी खालचे दात किती मिमी पुढे जातील. आकडा देता आला नाही तर मी तिथे दात सोपवणार नाही.

स्पष्टच
आणि दात काढले की निदान निकाल टिकतो तरी?

दंतकथा
नाही. काढलेल्यांतही रिटेनर, म्हणजे जुळलेले दात जागेवर धरून ठेवणारी तार किंवा साचा, सुटला की बऱ्याच जणांचे खालचे दात वर्षांनी पुन्हा दाटतात. रिटेनर दोन्हीकडे लागतो.

स्पष्टच
मग चार दात घालवून मिळालं काय? मला अजून पटलं नाही.

मोरपीस
पुढच्या आठवड्यात दोघांकडेही तो आकडा मागते.