मदत हवी आहे: ClF3 चा टी-आकार जोड्या मोजून स्वतः कसा पडताळायचा?

अकरावी_सायन्स_सोलापूर

नमस्कार. ClF3 चा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा असतो, हे पुस्तकात दिलंय. मला तो पाठ करायचा नाहीये, स्वतः तपासून बघायचाय.

माझी मोजणी अशी: क्लोरीनचे बाहेरचे 7 इलेक्ट्रॉन, तीन फ्लोरिनकडून एकेक, एकूण 10, म्हणजे 5 जोड्या. तीन बंधांत गेल्या, दोन लोन पेअर उरल्या. पाच जोड्यांची मांडणी त्रिकोणी द्विपिरॅमिड, इथपर्यंत ठीक. पण दोन लोन पेअर एकमेकींना सर्वांत जास्त ढकलतात, मग त्या एक वर आणि एक खाली, 180 अंशांवर का बसत नाहीत? तसं झालं तर तिन्ही फ्लोरिन मधल्या त्रिकोणात 120 वर येतील आणि रेणू सपाट होईल. मला तर हेच जास्त पटतंय. क्लासच्या सरांना विचारलं तर "लोन पेअर नेहमी इक्वेटोरिअल" एवढंच म्हणाले. का, ते कळलं नाही. शिवाय कोन 87.5 अंश दिलाय, बरोबर 90 का नाही?

शेंगाचटणी

सोप्पं आहे. एका लोन पेअरमागे कोन अडीच अंशांनी घटतो. मिथेन 109.5, अमोनिया 107, पाणी 104.5. इथेही 90 मधून अडीच वजा केले की 87.5. सीईटीला हेच वापरलं मी, कधी अडलं नाही.

होटगीरोड_काका

क्लोरीनचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतात, त्याचा वास दोन दोन दिवस जात नाही. त्यात हा फ्लोराइड प्रकार येतो का?

जुळे_सोलापूर_केमिस्ट्री

काका, नाही. ClF3 हा फार जहाल पदार्थ आहे, पाण्याला लागला की भडकतो. तो घरगुती वापरात कुठेच नसतो. टाकीचं वेगळा धागा काढून विचारा, तिथे नीट सांगते.

आता मूळ प्रश्न. बाळा, तुझी मोजणी बरोबर आहे, पण ती दुसऱ्या वाटेनंही करून बघ. सगळ्या रेणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन 7 अधिक 21, म्हणजे 28. तीन बंधांचे 6 आणि तिन्ही फ्लोरिनवरच्या लोन पेअरचे 18 वजा केले की 4 उरतात, क्लोरीनवरच्या दोन जोड्या. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या की मोजणीवर भरवसा ठेवायचा. आयन असेल तर भार धरायला विसरू नकोस, मुलांचं निम्म्या वेळा तिथेच चुकतं.

"सर्वांत लांब" हा विचार तू फक्त दोन लोन पेअरपुरता केलास. त्या बंधांनाही ढकलतात, ते हिशेबात आलं नाही. या मांडणीत खरी दाटी 90 अंशांवरच्या शेजाऱ्यांची असते, 120 वरच्या जोड्यांचा एकमेकींना फारसा त्रास नसतो. म्हणून 90 वरचे शेजार मोजायचे.

तुझ्या सपाट मांडणीत वरच्या आणि खालच्या लोन पेअरला मधले तिन्ही बंध 90 वर लागतात. लोन पेअर आणि बंध यांचे शेजार 6 झाले. दोन्ही लोन पेअर मधल्या त्रिकोणात ठेवल्या तर प्रत्येकीला फक्त वरचा आणि खालचा बंध 90 वर येतो, म्हणजे असे शेजार 4, आणि बंध-बंध शेजार 2. तिसरी शक्यता एक लोन पेअर टोकाला, एक त्रिकोणात. तिथे त्या दोघीच 90 वर समोरासमोर येतात आणि तो सर्वांत महागडा शेजार, म्हणून ती लगेच बाद. उरलेल्या दोघींत 4 वाली जिंकते. दोन टोकांचे बंध आणि मधला एक, हाच टी.

मोजताना एक खूण लक्षात ठेव: कुठल्याही मांडणीत 90 वरचे शेजार एकूण 6 च भरले पाहिजेत. कमी-जास्त भरले तर काहीतरी सुटलं किंवा दोनदा धरलं गेलं.

माळशिरसकर

माझ्याकडे मॉडेलचा संच नव्हता तेव्हा ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा गोळा आणि सालीच्या काड्या वापरल्या होत्या. लोन पेअरच्या काड्या शाईनं रंगवा. हातात फिरवून मोजलं की सहा शेजार डोळ्यांना दिसतात, कागदावर तिसरी मांडणी नेहमी फसवते.

शेंगाचटणी

मोजणी मान्य. पण कोनाचं माझं उत्तर बरोबर आलंच की, मॅडम.

जुळे_सोलापूर_केमिस्ट्री

उत्तर जुळलं, नियम जुळला नाही. इथे लोन पेअर दोन आहेत, तुझ्या नियमानं पाच अंश जायला हवेत. BrF3 मध्येही दोनच, तिथे कोन 86.2. SF4 मध्ये एकच लोन पेअर, पण मधल्या दोन फ्लोरिनमधला कोन 120 वरून सुमारे 101.6 वर येतो. आणि XeF2 मध्ये तीन लोन पेअर असूनही कोन 180 च, कारण त्या मधल्या त्रिकोणात सारख्या वाटलेल्या असतात आणि ढकलणं एकमेकींचं फिटतं. तेव्हा लोन पेअर किती यापेक्षा त्या कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघायचं.

ClF3 मध्ये दोन्ही एकाच बाजूला आहेत. त्या टोकांच्या दोन बंधांना आपल्यापासून दूर, मधल्या फ्लोरिनकडे वाकवतात. म्हणून कोन 90 पेक्षा कमी. दिशा उलट धरलीस तर 90 पेक्षा जास्त येईल, तेव्हा हीसुद्धा एक तपासणीच. नेमके 87.5 मात्र मोजणीतून निघत नाहीत. तो आकडा प्रयोगाचा आहे.

अकरावी_सायन्स_सोलापूर

मॅडम, शेजार मोजून बघितले, तिन्ही वेळा बेरीज 6 आली! पण हे अजून कागदावरचंच झालं ना? खरा रेणू टी आहे हे कळलं कसं?

जुळे_सोलापूर_केमिस्ट्री

सपाट त्रिकोण असता तर BF3 सारखा द्विध्रुव आघूर्ण शून्य आला असता. ClF3 चा सुमारे 0.6 डिबाय येतो, म्हणजे सपाट मांडणी गेली. पण एवढ्यावर थांबू नकोस, कारण ती तिसरी मांडणीही ध्रुवीय असते. ती बाद व्हायला कोनच लागतो. तिच्यात दोन फ्लोरिनमध्ये 120 च्या आसपास कोन आला असता. 1953 मध्ये मायक्रोवेव्ह वर्णपटावरून रचना निघाली, त्यात दोन टोकांमधला कोन साधारण 175 आहे. टोकांचे बंध 1.698 अँगस्ट्रॉम, मधला 1.598. टोकाच्या बंधांवर दाटी जास्त म्हणून ते लांब, हेही आपल्या मोजणीशी जुळतं.

लोन पेअर स्वतः या मोजमापात दिसत नाहीत, फक्त अणूंच्या जागा कळतात. म्हणून आकाराचं नावही अणूंवरूनच ठेवतात.

सातरस्ता_एमएस्सी

एक हरकत. पाणी 104.5 आणि H2S 92, लोन पेअर दोन्हीकडे दोनच. हे नुसत्या ढकलाढकलीनं समजावता येईल असं मला वाटत नाही. आम्हाला तिथे संकरण जवळपास नाहीच असं शिकवलं.

जुळे_सोलापूर_केमिस्ट्री

गंधक मोठा आणि इलेक्ट्रॉन कमी ओढणारा, म्हणून बंधाच्या जोड्या त्याच्यापासून लांब राहतात आणि लोन पेअरला पसरायला जागा मिळते, असं मी सांगते. कोन घटण्याची दिशा यातून कळते. पण थेट 92 पर्यंत का, यावर तुमची हरकत मी खोडून काढू शकत नाही.

अकरावी_सायन्स_सोलापूर

SF4 मी करून बघितला. लोन पेअर टोकाला ठेवली तर 90 वर 3 बंध, त्रिकोणात ठेवली तर 2, म्हणून त्रिकोणात. आता BrF5 ला अडले. सहा जोड्या, एक लोन पेअर, पण सहाही जागा सारख्याच दिसतात, मग शेजार मोजायची गरजच नाही ना? आणि तळाचे चार फ्लोरिन ब्रोमीनच्याच पातळीत राहतील की पाचव्या फ्लोरिनकडे वर झुकतील?