शब्दचर्चा: एका बाबीतले पैसे दुसऱ्या बाबीत नेण्याला काय म्हणावं?

खाडीकाठची
वाशीच्या एका कॉलेजात शिकवते. ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर माझा मंजूर प्रकल्प चालू आहे. प्रवासाच्या बाबीतले ५९,००० रुपये रसायनांच्या बाबीत न्यायचे आहेत आणि समितीला अर्ज मराठीत हवा आहे. मी लिहिलं, 'निधी वळविण्यास परवानगी मिळावी'. विभागप्रमुख म्हणाले, हे वाचून घोटाळा केल्यासारखं वाटतं. मग 'वर्ग करणे' लिहू? की 'फेरवाटप'?

मुक्काम_नौपाडा
सर बरोबर बोलले. 'निधी वळवला' म्हटलं की वर्तमानपत्राचा मथळाच डोळ्यांपुढे येतो. 'वर्ग' तुम्ही करत नाही, बँक करते. आणि फेरवाटप म्हणजे पुन्हा सगळ्यांना वाटणं.

ऐरोलीकर
'पुरवणी मागणी' लिहा की! विधिमंडळातही तेच चालतं.

निवृत्त_लेखा
नाही हो. पुरवणी म्हणजे वरचे जास्तीचे पैसे. इथे एकूण रक्कम तीच राहते, फक्त आतली मांडणी बदलते. माझी उभी नोकरी लेखा शाखेत गेली, आमच्याकडे याला शब्द एकच: पुनर्विनियोजन. सरकारी अनुदानात ते आर्थिक वर्ष संपायच्या आत मंजूर व्हावं लागतं. तुमच्या प्रकल्पाची मुदत मंजुरीपत्रात बघा.
ताई, शब्दापेक्षा कारण जपून लिहा. काय लिहिलंय?

खाडीकाठची
'प्रवास खर्चात बचत झाल्याने सदर रक्कम रसायनांसाठी वापरावी.'

निवृत्त_लेखा
इथेच अर्ज अडकतो. 'बचत' वाचलं की समिती म्हणणार, मग परत करा. 'अखर्चित' लिहा, आणि दोन्ही बाजूंची कारणं द्या: तिकडे का उरले, इकडे का कमी पडले. एकाच बाजूचं कारण दिलं तर प्रश्न विचारणारं पत्र आलंच म्हणून समजा.

खाडीकाठची
काका, उरले कारण प्रत्येक फेरीला होडी लागेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ओहोटीला काठावरूनच गाळ काढता आला. आणि साध्या प्रतीच्या नायट्रिक आम्लात, गाळ न घातलेल्या कोऱ्या नमुन्यातही जस्त दिसायला लागलं, म्हणजे धातू आम्लातूनच येत होता. अतिशुद्ध आम्ल घ्यावं लागलं, ते कितीतरी महाग पडतं.

निवृत्त_लेखा
मग हेच लिहा! कोऱ्या नमुन्याची आधीची आणि नंतरची आकडेवारी जोडा, समितीतला रसायनवाला लगेच मान डोलावेल. सोबत छोटा तक्ता: मंजूर, आजवरचा खर्च, प्रस्तावित बदल, सुधारित.

खाडीकाठची
प्रवास: मंजूर १,३०,०००, खर्च ४१,०००, सुधारित ७१,०००. म्हणजे उरलेल्या फेऱ्यांना ३०,००० राहतात. रसायनं: मंजूर २,४०,०००, खर्च २,१८,०००, सुधारित २,९९,०००. बाकी ४५ नमुने, प्रत्येकी साधारण १,८०० धरले तर ८१,००० लागतील.

निवृत्त_लेखा
बेरीज आधी ३,७०,०००, नंतरही ३,७०,०००. छान. 'प्रकल्पाच्या उद्दिष्टांत बदल नाही' हे वाक्य विसरू नका. दोन्ही बाबी आवर्ती, म्हणजे चालू खर्चाच्या आहेत म्हणून सोपं आहे. उपकरणांचे, म्हणजे भांडवली पैसे रसायनांत मागितले असते तर गोष्ट वेगळी होती. ते पैसे बहुधा वेगळ्या मंजुरीने येतात आणि उपयोगिता प्रमाणपत्रातही वेगळे दाखवावे लागतात.

मुक्काम_नौपाडा
पुनर्विनियोजन, उपयोगिता प्रमाणपत्र... हे उच्चारताना जीभ अडखळते. सरळ 'एका हेडमधून दुसऱ्या हेडमध्ये' लिहा. सगळ्यांना कळतं.

शब्दवेल्हाळ
अडखळते कशी? रामरक्षा म्हणताना 'जपे विनियोगः' म्हणताच ना? विनियोग म्हणजे ठरलेल्या कामी लावणं. पुन्हा लावलं की पुनर्विनियोग. 'विनियोजन' हे कार्यालयाने उगाच फुगवलेलं रूप.

निवृत्त_लेखा
फुगवलेलं असेल, पण फाइल त्याच रूपावर पुढे सरकते.

ऐरोलीकर
माझ्या भाच्याच्या प्रकल्पात सहायक मध्येच सोडून गेला. त्याच्या पगाराचे पैसे त्यांनी सरळ रसायनांवर खर्च केले, अर्ज नंतर दिला. चालतं सगळं.

निवृत्त_लेखा
चाललं नसेल, अजून लेखापरीक्षण व्हायचं असेल. आधी खर्च आणि मग अर्ज, त्याला 'कार्योत्तर मंजुरी' म्हणतात. ती द्यायची की नाही, हे समितीच्या मर्जीवर. नाही दिली तर रक्कम संस्थेच्या खिशातून. त्यात मनुष्यबळाच्या बाबीला हात लावायला बऱ्याच योजनांत मनाईच असते.

मुक्काम_नौपाडा
'मनुष्यबळ'सुद्धा मला पटत नाही. माणसं म्हणा.

शब्दवेल्हाळ
आणि 'हेड' म्हणणाऱ्यांना 'माणसं' हवीत!

खाडीकाठची
आम्लाच्या दोन बाटल्यांची ऑर्डर गेल्या आठवड्यातच दिली आहे. बिल अजून आलेलं नाही. हेही कार्योत्तरमध्ये मोडेल का?

ऐरोलीकर
बिलावरची तारीख कोण बघतंय?

निवृत्त_लेखा
आम्ही बघायचो. ऑर्डरचीसुद्धा. पण ताई, रसायनांत तुमचे २२,००० अजून शिल्लक आहेत. दोन बाटल्या त्यात बसतात का, ते आधी सांगा.