कंबरेची गोळी, झोप आणि कापलेली स्ट्रिप: तुमचे अनुभव सांगा

रानजाई: काल औषधांचा डबा आवरताना चार गोळ्यांचा तुकडा सापडला. नाव अर्धवट, तारीख नाही. तो हातात आला आणि आईचं ते दुखणं आठवलं.

आई तेव्हा ६८ ची. पाण्याचा हंडा उचलताना कंबर धरली. डॉक्टरांनी स्नायू सैल करणारं टिझॅनिडीन २ मिलिग्रॅम आणि दुखणं कमी करणारं असेक्लोफेनॅक १०० अशी एकत्र गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. दुकानातून सहा गोळ्या कापून मिळाल्या. झोप येते, गाडी चालवू नये ही सूचना दुसऱ्या तुकड्यावर राहिली. पहिले दोन दिवस नुसती गुंगी आणि तोंडाला कोरड. तिसऱ्या दिवशी लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. कंबरेची गोळी चालू आहे हे आम्ही सांगितलंच नाही. रात्री जेवणानंतर दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या. तासाभरात आईची जीभ जड झाली, उठायला गेली आणि दारातच खाली बसली. बीपी ८०/५०! रात्रभर सलाईन लावून ठेवलं.

तुमच्याकडे असं काही झालंय का?

घाटवाट: बापरे. आता कशी आहे आई?

रानजाई: छान आहे गं. हंडा मात्र आता मीच उचलते.

बुलेटवाला: साधा उपाय आहे, या गोळ्या रात्रीच घ्यायच्या. झोपच काढायची असते, मग सूचनेचं काय एवढं?

औषधवालीकाकू: दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. दिवसा गाडीवर असताना डुलकी लागण्यापेक्षा रात्री बरी. पण साठीच्या पुढची माणसं रात्री दोनदा लघवीला उठतात. टिझॅनिडीनने बीपीही उतरतो. अंधारात झटकन उठलं की डोळ्यापुढे काळोख येतो आणि माणूस पडतो. आधी पाच मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं, मग उठायचं.

रानजाई, तुझ्या आईचं नुसत्या झोपेने झालं नाही. यकृतात टिझॅनिडीनचा निचरा ज्या वाटेने होतो, तीच वाट सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं. मग तीच छोटी गोळी अंगात दहापट घेतल्यासारखी होते. म्हणून ही दोन एकत्र द्यायचीच नाहीत, डोस कमी करूनही नाही. लघवीच्या जंतुसंसर्गावर दुसरी अँटिबायोटिक असतात, पण चालू औषध सांगितलं तरच डॉक्टर ती निवडणार.

कोकणी_माणूस: माझी लघवी केशरी झाली होती या गोळ्यांनी!! घाबरून सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल.

औषधवालीकाकू: तुमच्या गोळीत क्लोरझोक्साझोन असेल, त्याने रंग बदलतो. पण डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, असं काही असेल तर गोळी थांबवून लगेच दाखवा. हे औषध क्वचित यकृताला त्रास देतं. त्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल ३२५ सुद्धा असतं, त्यामुळे ताप आला म्हणून वर ६५०ची वेगळी घेऊ नका.

कोकणी_माणूस: अरे देवा, मी घेत होतो. सर्दीचीही.

औषधवालीकाकू: सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि झोप आणणारं औषध, दोन्ही असू शकतं. सगळी पाकिटं एकदा पुढ्यात मांडून वाचा.

माईची_लेक: कंबरेला विटेचा शेक द्या, गोळीची गरजच पडत नाही. आमच्या सासूबाईंची कंबर तीन दिवसांत मोकळी झाली. वीट फडक्यात गुंडाळायची हं.

घाटवाट: विटेने माझ्या मामीला फोड आले होते ताई, जपून.

टेम्पोराजा: माझा प्रश्न वेगळा. रात्री ९ ला गोळी घेतली तर पहाटे ४ ला नाशिकला भाजी घेऊन निघू का? रोजचं काम आहे, सुट्टी परवडत नाही.

औषधवालीकाकू: भाऊ, हो म्हणायला मन धजत नाही. टिझॅनिडीनचा जोर साधारण तीन ते सहा तास राहतो, पण कुणाला सकाळीही जडपणा असतो, आणि वर दारू घेतली असेल तर हिशेबच राहत नाही. पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या आणि सकाळी कसं वाटतंय ते पाहा. गाडी चालवतो हे डॉक्टरांना आधी सांगा. झोप न आणणारी दुखण्याची गोळी देता येते का, हे ते बघतील.

टेम्पोराजा: सुट्टी सोमवारी. तोवर कंबर राहते का बघतो.

रानजाई: काकू, तुकडा कापून घेतला तर नाव कसं मिळवायचं?

औषधवालीकाकू: बिल मागून घ्यायचं, त्यावर नाव आणि बॅच नंबर असतो. मी गिऱ्हाईकाला छापलेल्या बाजूचा फोटो काढून घ्यायला सांगते. दुकानात गर्दी असली की तेही राहून जातं.

माईची_लेक: मग त्या चार गोळ्यांचं काय केलंस?

रानजाई: नाव नाही, तारीख नाही. उद्या काकूंसारख्या कुणाला तरी दुकानात विचारते कुठे टाकायच्या ते.