"वर्ग एकत्र करावेत" म्हणजे नेमकं काय एकत्र करायचं?

विडीघरकुलची
शब्दाचा अर्थ विचारायचाय. प्रॅक्टिकलच्या मराठी नोट्समध्ये काय-वर्ग चाचणीखाली असं वाक्य आहे: "अपेक्षित वारंवारता 5 पेक्षा कमी असल्यास लगतचे वर्ग एकत्र करावेत." खाली उदाहरण. दोन फासे 108 वेळा टाकले, दर वेळी दानांची बेरीज लिहिली. फासे खरे असतील तर किती वेळा काय यायला हवं आणि काय आलं, ते असं:

| बेरीज | 2 | 3 | 4 | 5 | 6 | 7 | 8 | 9 | 10 | 11 | 12 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अपेक्षित | 3 | 6 | 9 | 12 | 15 | 18 | 15 | 12 | 9 | 6 | 3 |
| मिळालेली | 1 | 6 | 8 | 11 | 14 | 17 | 15 | 12 | 9 | 5 | 10 |

मी प्रत्येक रकान्यात फरक काढला, त्याचा वर्ग केला, अपेक्षितने भागलं. मग 2 आणि 3 चे वर्ग एकत्र केले, 11 आणि 12 चेही केले. उत्तर 18.15. नोट्सच्या मागे उत्तर 4.76. छपाईची चूक आहे की "वर्ग" या शब्दाचा मी भलताच अर्थ घेतलाय?

निवृत्त_शाखाधिकारी
आमच्याकडे वर्ग करणे म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम टाकणे. "सदर रक्कम बचत खात्यात वर्ग केली" हे वाक्य मी आयुष्यभर लिहिलं. गणितातला वर्ग शाळेत सुटला तो सुटलाच. फाश्यांचं मला काही कळत नाही, पण 12 च्या खात्यातली शिल्लक 11 च्या खात्यात वर्ग करायची असं तर म्हणायचं नसेल?

आकडेमोड_दमाणीनगर
काका, बँक बाजूला ठेवा. इथे वर्ग म्हणजे गट. शाळेत वारंवारता सारणीत "वर्ग", "वर्गांतर", "वर्गमध्य" शिकतो ना, तोच. त्यामुळे शब्द तुझा चुकला हे खरं. पण उत्तर बदलायला नको. बेरीज आधी करा की नंतर करा, बेरीज ती बेरीजच. माझ्या मते नोट्सचं उत्तर चुकलंय. शिवाय 5 पेक्षा कमी फक्त 2 च्या खाली आलंय, एकदाच. 12 तर दहा वेळा पडलंय, त्याला कशाला हात लावायचा?

होटगीरोडचे_मास्तर
आकडेमोड, शब्द बरोबर सांगितलात आणि पुढची दोन्ही वाक्यं चुकवलीत.

पहिली गोष्ट. बेरीज आधी की नंतर, याने इथे प्रचंड फरक पडतो, कारण मध्ये वर्ग करण्याची पायरी आहे. 11 आणि 12 पाहा. 11 ला एक कमी पडलं, 12 ला सात जास्त. वेगवेगळे ठेवले तर 11 चा वाटा 1 भागिले 6, म्हणजे 0.17, आणि 12 चा वाटा 49 भागिले 3, म्हणजे 16.33. दोन्ही मिळून 16.5. आता गट जोडा. मिळालेली 5 + 10 = 15, अपेक्षित 6 + 3 = 9, फरक 6, त्याचा वर्ग 36, भागिले 9, वाटा 4. साडेसोळाचे चार झाले. 12 च्या खालचा छेद 3 होता, तो 9 झाला, आणि 11 मधल्या तुटीने 12 मधली वाढ थोडी खाल्ली.

खालच्या टोकालाही तसंच. 2 आणि 3 मिळून 7 पडले, अपेक्षित 9, फरक 2, वाटा 0.44. मधल्या सात बेरजांचा एकूण वाटा जेमतेम 0.32. सगळं मिळून 4.76. नोट्स बरोबर आहेत.

म्हणजे शाखाधिकारी साहेबांचा अर्थ चुकीच्या दारातून येऊन बरोबर खोलीत पोचला. 12 च्या खात्यातली मिळालेली शिल्लकही 11 मध्ये वर्ग करायची, अपेक्षित शिल्लकही करायची, आणि 12 चं खातं बंद करायचं. बंद केलेलं खातं पुढे मोजायचं नाही. अकराची नऊ खाती राहिली, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम 10 ऐवजी 8, आणि 5 टक्क्यांच्या पातळीला कोष्टकातली मर्यादा 18.31 ऐवजी 15.51. विडीघरकुलची, तू 18.15 काढून 8 ची ओळ पाहिली असतीस तर "फासे खोटे" असा निकाल दिला असतास. गट जोडल्याचा फायदा मर्यादेत घ्यायचा आणि बेरीज न जोडलेल्या गटांची ठेवायची, हा सगळ्यात घातक घोटाळा. वह्या तपासताना मला तोच सर्रास दिसतो.

दुसरी गोष्ट. पाचची अट अपेक्षित रांगेला आहे. मिळालेल्या रांगेत शून्य आलं तरी चालतं. कारण साधं आहे, अपेक्षित आकडा छेदात बसतो. छेदात 3 असेल तर नशिबाने दोन-चार दानं जास्त पडली की वाटा उड्या मारतो, आणि कोष्टकातल्या मर्यादा ज्या गुळगुळीत वक्रावरून काढल्यात तो अशा उड्यांना बसत नाही. म्हणून 12 दहा वेळा पडलं असलं तरी ते पातळच खातं.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
विषय निघालाच आहे तर माझं सांगा. टॉवेलच्या मालाचे आम्ही चार दर्जे करतो. जुना हिशोब शंभरात 90 पहिला, 6 दुसरा, 3 तिसरा, 1 रद्दी. परवा 200 नग तपासले: 176, 13, 4, 7. तिसऱ्यात 4 म्हणजे पाचच्या आत, म्हणून मी तिसरा दुसऱ्यात घातला. बरोबर?

होटगीरोडचे_मास्तर
नाही, हीच ती चूक. 200 नगांवर तिसऱ्याची अपेक्षा 6 आहे, ती ठीक आहे. अपेक्षा कमी आहे रद्दीची, 2. जोडायचंच तर रद्दी आणि तिसरा. मग 11 मिळाले, अपेक्षित 8, वाटा 1.125. बाकी दोन दर्जांचे वाटे मिळून 0.17. एकूण 1.3 च्या आसपास, तीन गट, डिग्री 2, मर्यादा 5.99. जुन्या प्रमाणापासून माल हलला असं म्हणायला पुरावा नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
अहो पण रद्दी 2 च्या जागी 7 आली, तीच तर माझी तक्रार आहे! तिसरा दर्जा बाजारात जातो, रद्दी पुसायला जाते. ती दोन्ही एकत्र केली तर माझा प्रश्नच गेला की.

होटगीरोडचे_मास्तर
गेला, हे मान्य. जोडलेल्या गटाबद्दलच चाचणी बोलते, आतल्या भागांबद्दल नाही. तुम्हाला रद्दीबद्दलच विचारायचं असेल तर 200 ऐवजी 500 नग तपासा, म्हणजे रद्दीची अपेक्षा आपोआप 5 होईल आणि काही जोडावं लागणार नाही. आणि तपासताना नगांचे आकडे घाला, टक्के नकोत. टक्के घातले की 200 नगांचा पुरावा 100 नगांचा होऊन बसतो.

विडीघरकुलची
कळलं, आभार. पण आता दुसरंच खटकतंय. 12 दहा वेळा पडलं, तीनच वेळा पडायला हवं होतं. हे उघड विचित्र आहे. गट जोडल्यावर 4.76 येतं आणि सगळं आलबेल दिसतं. मग जोडण्याने आपण फाश्याची लबाडीच झाकली ना? आणि एक मैत्रीण म्हणते, 2 आणि 12 दोन्ही पातळ, तेच एकमेकांत घालायचे. ते चालेल का?

आकडेमोड_दमाणीनगर
2 आणि 12 जोडले तर अपेक्षित 6 होते, अट पूर्ण. मला काही हरकत दिसत नाही.

होटगीरोडचे_मास्तर
अट पूर्ण होते, अर्थ जातो. 2 म्हणजे दोन्हीकडे एक्का, 12 म्हणजे दोन्हीकडे षटकार. फासा सहाकडे झुकला असेल तर 12 वाढणार आणि 2 घटणार. दोन्ही एकाच डब्यात टाकले की घट आणि वाढ एकमेकांना खातात. म्हणून नोट्समध्ये "लगतचे" हा शब्द आहे, तो शोभेला नाही. जिथे क्रम आहे तिथे शेजारी जोडा, आणि कोण कोणाशी जोडायचं ते दानं टाकायच्या आधी ठरवा. अपेक्षित रांग आधीच माहीत असते, तेव्हा अडचण काहीच नाही. आकडे पाहून जोडलं तर माणूस नकळत हव्या त्या निकालाकडे सरकतो.

लबाडी झाकली का? काही अंशी हो. पण पाच हा आकडा कोणी दगडावर कोरलेला नाही. कॉक्रनने 1954 मध्ये बरीच सैल शिफारस केली: कोणतीही अपेक्षा 1 च्या खाली नको, आणि 5 च्या खालची खाती एकूण खात्यांच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नकोत. तुझ्या सारणीत अकरापैकी दोनच पातळ, आणि दोन्हींची अपेक्षा 3. त्या हिशोबाने काहीच जोडायची गरज नव्हती. तुझं 18.15 तसंच ठेवायचं आणि 10 डिग्रीच्या 18.31 शी ताडायचं.

विडीघरकुलची
म्हणजे तरीही मर्यादेच्या आतच? केसाएवढं?

होटगीरोडचे_मास्तर
केसाएवढं. आणि काठावरच्या उत्तरात वक्राचा अंदाज किती खरा यावर भरवसा ठेवू नये. संगणकाकडून खऱ्या फाश्यांची दानं हजारो वेळा टाकून घ्यावीत आणि किती वेळा इतकी मोठी बेरीज येते ते मोजावं. R मध्ये:

```
x <- c(1,6,8,11,14,17,15,12,9,5,10)
p <- c(1:6, 5:1)/36
chisq.test(x, p = p, simulate.p.value = TRUE, B = 10000)
```

पण खरं सांगायचं तर बेरीज लिहिणं हीच मुळात गफलत. दोन फासे वेगळ्या रंगाचे घे आणि प्रत्येकाचं दान स्वतंत्र लिही. 108 वेळा टाकलेस तर दर फाश्याला प्रत्येक बाजूची अपेक्षा 18, पातळ खातं एकही नाही, डिग्री 5, मर्यादा 11.07. झुकलेला फासा तिथे सरळ दिसतो, आणि कोणता ते कळतं. बेरजेत ते कधीच कळत नाही.

गणितवेडा_सातरस्ता
बेरजाच तपासायच्या असतील तर 180 वेळा टाका, म्हणजे टोकांना 5 येईल. जोडाजोडी संपली.

होटगीरोडचे_मास्तर
इथे संपेल, सगळीकडे नाही. वेल्डनचे फासे पाहा. बारा फासे 26,306 वेळा टाकले आणि दर वेळी किती फाश्यांवर 5 किंवा 6 आले ते मोजलं. पियर्सनने 1900 मध्ये काय-वर्ग मांडला तेव्हा याच आकड्यांवर चालवून दाखवला. बाराच्या बारा फाश्यांवर 5 किंवा 6 यायची शक्यता 5,31,441 मध्ये एक. इतक्या वेळा टाकूनही अपेक्षा 0.05. प्रत्यक्षात दहा फासे 14 वेळा, अकरा 4 वेळा, बारा एकदाही नाही. शेपटीत असं होणारच. तिथे 10, 11, 12 जोडले की अपेक्षा 14 च्या थोडी वर जाते आणि मिळालेली 18. अपेक्षा 5 च्या वर नेण्यापुरतंच जोडायचं, पुढे जोडत सुटायचं नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
मग "खाती वर्ग करावीत" असंच छापा की.

आकडेमोड_दमाणीनगर
नको काका, पुन्हा गोंधळ. "वर्ग" स्क्वेअरसाठी ठेवावा आणि इथे "गट" म्हणावं. "लगतचे गट विलीन करावेत."

होटगीरोडचे_मास्तर
वर्गांतर आणि वर्गमध्य यांचं काय करणार? ते सगळ्या पुस्तकांत आहेत. एकाच पानावर "वर्गांतर" आणि "गट" आले की पोरं विचारतात हे दोन वेगळे का. मी शिकवताना "खाना" म्हणतो. पेपरात मात्र "वर्ग" लिहा, तपासणारा दुसरा असतो.

विडीघरकुलची
सर, "विलीन" म्हटलं तरी आधी काय विलीन करायचं ते कळत नाहीच. "मिळालेल्या आणि अपेक्षित वारंवारता आधी मिळवाव्यात" असं लिहिलं तर?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
500 नग तपासायला दोन पाळ्या जातील. रद्दीचाच वेगळा हिशोब, म्हणजे रद्दी आणि बाकी सगळं असे दोनच गट केले तर 200 मध्ये भागत नाही का?

होटगीरोडचे_मास्तर
रद्दीची अपेक्षा तरी 2 च राहते, गट दोन असोत की चार. दोनच गट असतील तर काय-वर्ग सोडा, द्विपद वितरणावरून थेट शक्यता काढा: शंभरात एक रद्दी असताना 200 मध्ये 7 किंवा जास्त यायची. फक्त रद्दी बघायची हे तुम्ही 7 पाहिल्यावर ठरवलंत, की आधीपासून?