उत्तर: स्टॉल आलेखावर कुठे दिसतो?

> वक्र खाली वळला की स्टॉल, एवढंच बघायचं ना?

लिफ्ट विरुद्ध आघातकोन या आलेखाचं शिखर म्हणजे पंखाचा स्टॉल हे बरोबर, पण चाहूल आधीच लागते. ऐरोलीत कॉलेजच्या विंड टनेलमध्ये आम्ही NACA 0012 या पंखाच्या छेदाचं मॉडेल भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलं होतं. 4 अंश आघातकोनाला लिफ्ट गुणांक 0.4, 8 ला 0.8, म्हणजे अंशाला 0.1 अशी सरळ रेघ. 10 ला मात्र 1.0 ऐवजी 0.9 आला. लिफ्ट अजून वाढतच होती, पण मागच्या कडेजवळ चिकटवलेले लोकरीचे धागे उलटे फडफडू लागले होते. प्रवाह तिथे सुटला होता. 12 ला लिफ्ट 0.85 वर उतरली आणि ड्रॅग गुणांक 0.05 वरून थेट 0.12 झाला.

तेव्हा पट्टी लावून रेघ कुठे सुटते ते बघा, आणि ड्रॅगचा आलेख शेजारीच ठेवा. (आमच्या सरांनी पट्टीशिवाय जर्नल तपासलंच नाही!) कोन कमी करत परत येतानाही वाचनं घ्या, प्रवाह त्याच कोनाला पुन्हा चिकटेलच असं नाही.