प्रश्नमंजूषेतील संकेतांचा क्रम

“देश ओळखण्याच्या प्रश्नात झेंडा दाखवला की मुले लगेच उत्तर देतात आणि गाडीची पाटी व फोनचा क्रमांक हे दोन्ही संकेत वाया जातात, क्रम उलटा करावा का?”

क्रम उलटा करण्यापेक्षा एकट्याने उत्तर देऊ न शकणारा झेंडा निवडावा, असे मला वाटते. वर लाल आणि खाली पांढरा पट्टा असलेला झेंडा इंडोनेशियाचा आहे आणि मोनॅकोचाही. फरक केवळ प्रमाणात आहे, कारण इंडोनेशियाच्या झेंड्याची उंची व लांबी २:३ तर मोनॅकोच्या झेंड्याची ४:५ असते, आणि हा फरक प्रार्थनेच्या मैदानात मागच्या रांगेला दिसणार नाही. (दोन्ही चित्रे एकाच मापाची छापल्यास तर मुळीच नाही.)

संहिता अशी ठेवता येईल. निवेदक झेंडा दाखवून म्हणेल, “हा झेंडा दोन देशांचा आहे, ते ओळखा.” दोन्ही नावे आली की तो पुढे म्हणेल, “या देशात फोन लावताना आधी +६२ दाबावे लागते.” येथे मुलांना पाठांतराची गरज नाही. देशांच्या दूरध्वनी क्रमांकांत ३ आणि ४ ने सुरू होणारे युरोपकडे, तर ६ ने सुरू होणारे आग्नेय आशिया व ओशनियाकडे आहेत. मोनॅकोचा क्रमांक +३७७ असल्याने तो येथेच बाद होतो. गाडीच्या पाटीवरील देशाची ‘आरआय’ ही अक्षरे शेवटी दाखवावीत, कारण ती ‘रिपब्लिक इंडोनेशिया’ची आद्याक्षरे असून उत्तर पडताळण्यासाठीच उपयोगी आहेत. मात्र +१ या क्रमांकाचा प्रश्न टाळावा, कारण तो अमेरिका, कॅनडा आणि अनेक कॅरिबियन देशांत सामाईक आहे.