मदत हवी आहे: दुबईच्या ग्राफिक्स कार्डासोबतची गेम की भारतात चालेना

मावसभावाने दुबईहून ग्राफिक्स कार्ड आणलं, सोबत एका गेमचं कूपन मिळालं. कार्ड पुण्यात माझ्या पीसीत बसवलंय. कंपनीच्या रिवॉर्ड साइटवर कूपन टाकलं, त्यांचं पडताळणीचं टूल चालवलं, त्याने कार्ड बरोबर ओळखलं आणि स्टीमची की हातात आली. इथवर सगळं सुरळीत.

पण स्टीममध्ये की टाकली की 'हे प्रॉडक्ट या देशात उपलब्ध नाही' असं येतं. की वापरली गेलेली नाही, असंही त्याच संदेशात लिहिलंय, म्हणजे ती अजून शाबूत आहे. बिल दुबईचं आणि ऑफरच्या काळातलंच आहे. कूपनची मुदत की मिळाली तेव्हा पाळली गेली, पण कीची स्वतःची मुदत महिनाअखेर संपते. सपोर्टला बिलासकट लिहिलंय, उत्तर नाही. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. व्हीपीएन नको, स्टीमच्या नियमांत बसत नाही आणि अकाउंटमध्ये बरेच गेम आहेत.

भाऊ पुढच्या आठवड्यात दुबईला परततोय. माझं अकाउंट भारताचंच ठेवून त्याने तिथून लॉगिन करून की टाकली तर चालेल का? मुख्य भीती वेगळी आहे: काही पॅकेजना फक्त अ‍ॅक्टिव्हेशनची बंदी असते, काहींना `onlyallowrunincountries` लावलेलं असतं, मग गेम लायब्ररीत येऊनही इथे सुरू होत नाही. स्टीमडीबीवर हे दिसतं, पण त्यासाठी पॅकेजचा नंबर लागतो. की न वापरता तो नंबर कसा कळेल?